अँटी-नाइट सुडोकू: आकडा बसवला, आठ घरं खोडली, पुढे काय?

वनाझवैदेही

रोज वनाझहून रामवाडीला मेट्रोने जाते. जाताना एक सुडोकू, येताना डुलकी असा नेम होता. साध्या सुडोकूचा कंटाळा आला म्हणून अँटी-नाइट प्रकाराकडे वळले आणि डुलकीही गेली.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ओळ, कॉलम आणि ३×३ ची चौकट हे नेहमीचे नियम आहेतच. वर एक जादा अट. बुद्धिबळातला घोडा ज्या दोन घरांमध्ये एका उडीत ये-जा करू शकतो, त्या दोन घरांत सारखा आकडा चालत नाही.

माझी अडचण अशी. आकडा बसवला की मी इमानेइतबारे त्याच्याभोवतीची अडीच घरांवरची आठ घरं शोधते आणि तिथून तो आकडा खोडते. खोडून होतं, पण हाती काही लागत नाही. मग सगळ्या रिकाम्या घरांत बारीक अक्षरात शक्यता लिहीत सुटते आणि शेवटी पानाला मुंग्या लागल्यासारखं दिसायला लागतं.

कालचंच उदाहरण देते. घराचा पत्ता (ओळ, कॉलम) असा लिहितेय, वरून आणि डावीकडून मोजून. कोड्यात आधीच छापलेले दोन सात आहेत: एक अगदी मधोमध (५,५) ला आणि एक (८,९) ला. उत्तरासोबतच्या टिपेत लिहिलंय की एवढ्यावरूनच उजवीकडच्या मधल्या चौकटीतला ७ बसतो. मला तिथे दोन घरं मोकळी दिसतात, (४,८) आणि (६,८). कुठल्या तर्काने एक जातं?

आणि एकूणच, हे घोड्याचं खोडणं तुम्ही लोक कसं वापरता?

कोपऱ्यातली_चकली

सुडोकूत घोडा आला. आता सापशिडीत हत्ती येईपर्यंत मी थांबते.

बंडूनाना

विषय आवडीचा आहे म्हणून लिहितो. घोड्याने पटावरच्या ६४ घरांत प्रत्येकी एकदाच जायचं हे कोडं आम्ही शाळेत असताना पाटीवर करायचो. इथे घरं ८१ आहेत. घोडा दर उडीला काळ्यावरून पांढऱ्यावर आणि पांढऱ्यावरून काळ्यावर जातो, त्यामुळे ८१ उड्या मारून निघालेल्या घरी परत येणं कधीच जमणार नाही. वैदेहीताई, तुमच्या कोड्यात घोडा कुठून सुरू होतो ते लिहिलेलं नाही. ते कळलं तर प्रयत्न करतो.

मितभाषी

नाना, हा घोडा फिरत नाही. जागेवर बसून लाथा झाडतो.

बंडूनाना

अस्सं. मग एका घरात किती घोडे?

मितभाषी

प्रत्येक आकडा म्हणजे एक घोडा. ७ च्या घोड्याची लाथ फक्त दुसऱ्या ७ ला लागते. ३ शेजारी बसला तरी त्याला काही होत नाही.

अर्धवटराव

वैदेही, तू सोपी गोष्ट अवघड करतेयस. मधलं घर एक आणि घोड्याची घरं आठ, एकूण झाली नऊ. म्हणजे ही दहावी, अकरावी, बारावी चौकटच आहे असं समज. नऊ घरांत १ ते ९ एकेकदा. नेहमीच्या चौकटीत जसं शोधतेस तसं यातही शोध, भराभर सुटेल. मी तसंच करतो.

तिरकी_चाल

अर्धवटराव, हे जपून. मधल्या घराचा आकडा भोवतालच्या आठांत नसतो, एवढंच खरं आहे. त्या आठ घरांनी आपापसात वेगळं असावं अशी काहीच सक्ती नाही. खाली उदाहरण देतो, आधी वैदेहीच्या प्रश्नाचं बघू.

वैदेही, तू लिहिलंयस की "आकडा बसवला की" खोडते. छापून आलेल्या आकड्यांचं काय? तेही घोडेच आहेत. (५,५) चा ७ मधोमध असल्यामुळे त्याच्याभोवतीची घरं तू मोजलेली दिसतायत, पण (८,९) चा सात कडेला आहे म्हणून राहिला. कडेच्या घोड्याला आठ घरं मिळत नाहीत, पण चार मिळतात: (६,८), (७,७), (९,७) आणि (१०,८). त्यातलं शेवटचं पटाबाहेर, म्हणजे तीनच. त्यातली (७,७) आणि (९,७) तर त्याच्याच चौकटीत आहेत, तिथे ७ तसाही येणार नव्हता. कामाचं घर एकच उरलं, (६,८). आणि तुझं अडलेलं घर नेमकं तेच आहे.

ती चौकट पूर्ण मांडतो. 'ओ' म्हणजे ५ व्या ओळीतल्या सातामुळे गेलं, 'क' म्हणजे ९ व्या कॉलममधल्या सातामुळे, 'घ' म्हणजे घोड्यामुळे.

```
घ  ७  क
ओ  ओ  ओ
घ  घ  क
```

डावीकडचे दोन 'घ' म्हणजे (४,७) आणि (६,७), ते (५,५) वरून. मधला खालचा 'घ' (८,९) वरून. उरलं (४,८). साध्या सुडोकूत याच दोन सातांवरून इथे चार घरं मोकळी राहिली असती.

आता तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे. आठ घरं खोडून हाती काही लागत नाही कारण तू आकड्याकडून चौकटीकडे बघतेयस. उलटं बघ. एक आकडा धर, एक चौकट धर, आणि विचार की इथे हा आकडा कुठे कुठे राहू शकतो. (५,५) च्या सातानंतर वरच्या मधल्या चौकटीकडे बघ. ५ वा कॉलम गेला म्हणजे तीन घरं गेली. घोड्याने (३,४) आणि (३,६) गेली. उरली चार: (१,४), (१,६), (२,४), (२,६). खाली, डावीकडे, उजवीकडे तसंच, प्रत्येकी चार. साध्या सुडोकूत प्रत्येकी सहा उरतात. सहाच्या ठिकाणी चार हा फरक फार मोठा आहे, कारण आणखी एखादी ओळ किंवा कॉलम बंद झाला की चाराचे दोन होतात.

वनाझवैदेही

अरे! छापलेल्या आकड्यांभोवती मी खरंच फारसं बघत नाही. ते "त्यांचे" असतात असं काहीतरी डोक्यात बसलंय.

पण हे सगळीकडे चालेल का? कोपऱ्यातल्या घरात आकडा असला की मला काहीच मिळत नाही.

तिरकी_चाल

कोपऱ्यात मिळणारच नाही. (१,१) वरून घोडा (२,३) आणि (३,२) या दोनच घरांत जातो आणि दोन्ही त्याच्या स्वतःच्या चौकटीत आहेत. घोड्याची अट असो वा नसो, (१,१) ला काही फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याभोवती आठ घरं शोधत बसू नये. चौकटीबाहेर पडणारी घरं तेवढी मोजायची. वरच्या डाव्या चौकटीत ती अशी येतात:

```
०  १  २
१  ४  ४
२  ४  ६
```

आणि मधल्या चौकटीत मध्यावर ८, बाकी सगळीकडे ६. कोडं हातात आलं की मी आधी कुठले आकडे पटाच्या मध्याकडे आहेत ते बघतो. कोपऱ्यातल्यांना नंतर.

कोथरूडची_केतकी

तिरकीचाल, थोडी असहमत. चौकटीच्या मध्यावरचा आकडा चार शेजारच्या चौकटींना दोन-दोन घरांचा फटका देतो हे बरोबर. पण कोडी रचणारे लोक इतकं सोपं दान सहसा टाकत नाहीत. मी काही कोडी स्वतः रचते. माझ्या मते खरी मजा (३,३) सारख्या घरात आहे, म्हणजे चौकटीचा जो कोपरा पटाच्या मध्याकडे तोंड करून असतो तिथे.

(३,३) मध्ये ४ आहे असं धरा. चौकटीबाहेर सहा घरं. उजवीकडच्या चौकटीत (१,४) आणि (२,५), खालच्या चौकटीत (४,१) आणि (५,२). आणि मधल्या चौकटीत (४,५) आणि (५,४). ही शेवटची जोडी बघा. साध्या सुडोकूत वरच्या डाव्या चौकटीतला आकडा मधल्या चौकटीला थेट हात लावूच शकत नाही, कारण ना ओळ सामाईक ना कॉलम. इथे तिरक्या चौकटीतूनही फटका बसतो. सवय नसलेल्यांची नजर तिथे जातच नाही. सगळे शेजारी तपासतात आणि तिरक्या चौकटीला विसरतात.

बंडूनाना

हे समजलं. मी बुद्धिबळाच्या नजरेने बघतो त्यामुळे मला घोडा लगेच दिसतो, सुडोकूच दिसत नाही.

खडकवासला_जवळचा

एक शंका. तिरक्या शेजारच्या घरात तोच आकडा चालतो का? म्हणजे (५,५) मध्ये ७ आणि (४,६) मध्ये ७? मी ज्या साइटवर खेळतो तिथे ते लाल होतं.

मितभाषी

(५,५) आणि (४,६) एकाच चौकटीत आहेत दादा. लाल होणारच.

खडकवासला_जवळचा

हो की. (३,३) आणि (४,४) म्हणा मग.

कोथरूडची_केतकी

नुसत्या घोड्याच्या कोड्यात चालतं. तुमच्या साइटवर ते लाल होत असेल तर त्या कोड्यात राजाचीही अट असणार. राजा एक घर चालतो, तिरकाही, म्हणून तिरका शेजारी बंद. दोन्ही अटी एकत्र असलेली कोडी खूप असतात, त्यामुळे सुरू करण्याआधी नियम नीट वाचावेत. राजाची अट नसताना तिरके शेजारी खोडलेत तर कोडं मध्येच अडेल. एखाद्या चौकटीत एखाद्या आकड्याला जागाच उरणार नाही, आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही.

कोपऱ्यातली_चकली

राजा, घोडा, झालंच तर पेशवेही आणा. शनिवारवाड्यासमोर पट मांडू.

डेक्कनचा_दत्तू

राजा आणि घोडा एकत्र म्हटल्यावर २०२० मधलं ते 'मिरॅकल सुडोकू' आठवलं. लॉकडाऊनमध्ये सगळ्या ग्रुपवर फिरत होतं. मिचेल ली यांनी रचलेलं. पूर्ण ८१ घरांत फक्त दोन आकडे दिलेले, एक १ आणि एक २. अटी तीन: राजा, घोडा, आणि बाजूला लागून असलेल्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत. 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब चॅनलवर सायमन अँथनी ते सोडवताना आधी म्हणतो की ही थट्टा दिसतेय, आणि मग सुटत जातं तसा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आमच्या घरी तो व्हिडिओ आईसकट सगळ्यांनी बघितला. आईला सुडोकू येत नाही.

अर्धवटराव

म्हणजेच नियम वाढले की आकडे कमी लागतात. हेच मी सांगतोय, नऊ घरांचा जादा गट धरला की सगळं लवकर सुटतं. तिरकीचालने उदाहरण देतो म्हणून सांगितलं आणि दिलं नाही.

तिरकी_चाल

देतो. वैदेहीच्याच दोन सातांपासून सुरू करून नऊही सात बसतील अशी एक मांडणी केली. पहिल्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत ७ कुठल्या कॉलममध्ये आहे ते क्रमाने लिहितो:

७, ६, ३, ८, ५, २, १, ९, ४

म्हणजे (१,७), (२,६), (३,३), (४,८), (५,५), असं खाली (९,४) पर्यंत. प्रत्येक ओळीत, कॉलममध्ये आणि चौकटीत एकेकच सात आहे, आणि कुठलेही दोन सात घोड्याच्या उडीवर नाहीत. तपासून बघा.

आता (४,५) या घराभोवतीची आठ घरं मोजा. त्यात (२,६) आहे आणि (३,३) पण आहे. दोन्हींत ७. म्हणजे तुमच्या "बाराव्या चौकटीत" दोन सात. त्या गटात "इथे ७ साठी एकच जागा उरली" असं म्हणून आकडा भरलात तर बरोबर आला तरी योगायोग.

अर्धवटराव

माझी कोडी तर सुटतात.

मितभाषी

सोपी असतील.

अर्धवटराव

"मध्यम" लिहिलेलं असतं.

हिंजवडी_फेज_तीन

नऊ आकड्यांची ती यादी भारी आहे. तपासायला पटच लागत नाही. शेजारच्या दोन ओळींत कॉलमचा फरक २ नको, एक ओळ सोडून पुढच्या ओळीशी फरक १ नको. घोड्याच्या चालीत याशिवाय दुसरं काही नसतं. स्टँडअप चालू असताना दोन ओळी लिहिल्या:

```python
c = [7, 6, 3, 8, 5, 2, 1, 9, 4]
print(all(abs(c[i]-c[i+1]) != 2 for i in range(8)) and
      all(abs(c[i]-c[i+2]) != 1 for i in range(7)))
```

True आलं. तिरकीचाल पास.

डेक्कनचा_दत्तू

मॅनेजर हा धागा वाचत नसेल अशी आशा.

वनाझवैदेही

मी पुढे खेळून बघितलं. (४,८) ला ७ बसल्यावर ४ थी ओळ बंद. मग डावीकडच्या मधल्या चौकटीत (६,१) किंवा (६,२). खालच्या मधल्या चौकटीत ८ वी ओळ आधीच बंद होती, म्हणून (९,४) किंवा (९,६). वरच्या उजव्या चौकटीत ८ वा आणि ९ वा कॉलम बंद, राहिला ७ वा, त्यातलं (२,७) घोड्याने गेलं कारण (४,८) वरून तिथे उडी बसते. म्हणून (१,७) किंवा (३,७). सगळीकडे दोन-दोन उरले आणि मी परत तिथेच. बसलेला सात नाही, मग घोडा कुठून धरायचा?

तिरकी_चाल

इथेच खरं काम सुरू होतं. आकडा बसायची वाट बघायची गरज नाही. ७ हा (१,७) किंवा (३,७) यांपैकी एका ठिकाणी नक्की आहे ना? मग ज्या घराला या दोन्हींचा फटका बसतो तिथे ७ येऊ शकत नाही, खरा सात कुठेही असो.

(१,६) बघ. सात (१,७) ला असेल तर तीच ओळ, म्हणून नाही. सात (३,७) ला असेल तर तिथून (१,६) वर घोड्याची उडी, म्हणून नाही. दोन्ही बाजूंनी नाही. म्हणजे वरच्या मधल्या चौकटीत चार घरं होती, त्यातलं (१,६) गेलं, तीन राहिली. बसवलेला एकही नवा आकडा न वापरता.

लक्षात घे, एका बाजूने ओळ आणि दुसऱ्या बाजूने घोडा अशी ही जोडी आहे. दोन्हीकडून घोडाच हवा असं नाही. बहुतेक जण दोन्ही बाजूंनी घोडा शोधतात आणि हे हुकतं.

कोथरूडची_केतकी

याला धरून एक सांगते, कारण हे माझं फार आवडतं आहे. दोन उरलेली घरं कुठल्या आकारात आहेत त्यावर किती फायदा मिळणार ते ठरतं.

तिरक्या शेजाऱ्यांची जोडी घ्या. मधल्या चौकटीत एखादा आकडा (४,४) किंवा (५,५) एवढ्याच ठिकाणी उरलाय. साध्या सुडोकूत अशी जोडी चौकटीबाहेर काहीच देत नाही, कारण ना एक ओळ ना एक कॉलम. तिच्याकडे बघून आपण पुढे जातो. इथे तीच जोडी चौकटीबाहेरची आठ घरं खोडते. (३,६) आणि (६,३) ला दोन्हींकडून घोडा लागतो. (३,४) आणि (७,४) ला (४,४) चा कॉलम आणि (५,५) चा घोडा. (४,३) आणि (४,७) ला (४,४) ची ओळ आणि (५,५) चा घोडा. (२,५) आणि (५,२) ला उलट, (५,५) चा कॉलम किंवा ओळ आणि (४,४) चा घोडा.

आठही घरं बोट ठेवून एकदा तपासा. एकदा केलं की आकार डोळ्यात बसतो, मग मोजावं लागत नाही.

लागून असलेली जोडी मात्र इतकी उदार नाही. एकाखाली एक अशी (४,५) आणि (५,५) असेल तर ५ वा कॉलम तर जातोच, शिवाय त्याच दोन ओळींत दोन्ही बाजूंना एक-एक कॉलम सोडून (४,३), (४,७), (५,३), (५,७). एवढंच.

खडकवासला_जवळचा

तिरक्या जोडीचं उदाहरण कागदावर केलं. (५,२) ला जरा वेळ लागला पण बसलं.

बंडूनाना

म्हणजे या खेळात आकडा कुठे आहे यापेक्षा तो कुठल्या दोन घरांपैकी एकात आहे हे कळलं तरी पुष्कळ. आमच्या काळी असलं काही नव्हतं, पेपरात येतं त्यात सरळ ओळ आणि कॉलम. मला एक सांगा, शक्यता लिहून ठेवायच्या की नाही? वैदेहीताई मुंग्या म्हणाल्या ते माझ्या कागदावरही होतं.

कोथरूडची_केतकी

मी सगळ्या घरांत सगळ्या शक्यता लिहीत नाही. एखादा आकडा एखाद्या चौकटीत दोनच घरांत उरला तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात लिहिते. तीन घरं उरली तर लिहीत नाही, डोक्यात ठेवते.

तिरकी_चाल

इथे आमचं जमत नाही. घोड्याच्या कोड्यात तीन उरलेली घरंही कामाची असतात. तिन्हींचा फटका बसणारं एखादं घर निघतं, आणि ते लिहिलेलं नसेल तर नजरेतून सुटतं. मी तीनपर्यंत लिहितो.

कोथरूडची_केतकी

तीनपर्यंत लिहिलं की चौकट भरते आणि दोनवाल्या जोड्या त्यात हरवतात. स्पर्धेत वेळ कमी असतो तेव्हा मला हे परवडत नाही.

तिरकी_चाल

स्पर्धेत मान्य. मेट्रोत नाही.

हिंजवडी_फेज_तीन

मी ॲपलाच सगळ्या शक्यता भरायला सांगतो.

मितभाषी

मग सोडवतं कोण?

डेक्कनचा_दत्तू

ॲपवरून एक. काही ॲप घोड्याची टक्कर लाल दाखवतात, काही फक्त ओळ-कॉलम-चौकटीची दाखवतात. दुसऱ्या प्रकारच्या ॲपवर घोड्याची चूक शेवटपर्यंत लपून राहते. मी आता प्रत्येक आकड्याचे सहा-सात घरं बसल्यावर हिंजवडीवाल्यांनी सांगितलेली फरकाची युक्ती करतो. कागदावर सोडवणाऱ्यांना तर तेवढाच आधार. नाना, तुमच्यासाठी खास.

बंडूनाना

लिहून ठेवलं. अशी कोडी छापील मिळतात का? फोनवर मला बारीक दिसतं.

कोथरूडची_केतकी

नाना, लॉजिक मास्टर्स इंडियाच्या ऑनलाइन स्पर्धांची कोडी पीडीएफमध्ये असतात, प्रिंट काढता येते. त्यात निरनिराळे प्रकार असतात, घोड्याचा प्रत्येक वेळी असेलच असं नाही. घोड्याचं पाहिजे असेल तर मी माझं एक सोपं तुम्हाला पाठवते, मोठ्या अक्षरात.

बंडूनाना

पाठवा, आभारी आहे.

वनाझवैदेही

आज येताना परत बसले त्याच कोड्यावर. (१,६) गेल्यावर वरच्या मधल्या चौकटीत (१,४), (२,४), (२,६) राहिले. वरच्या उजवीकडे (१,७) की (३,७) ते मात्र ठरेना. सातांवरूनच ठरायला हवं की बाकीच्या आकड्यांची वाट बघायची?

तिरकी_चाल

या दोन सातांवरून ठरणार नाही. (१,७) धरून मी वर पूर्ण मांडणी दिली आहेच. (३,७) धरूनही नऊ सात बसतात का ते बघ, बसले तर सातांकडून उत्तर मिळणार नाही हे पक्कं. तुझ्या कोड्यात बाकी छापलेले आकडे काय आहेत ते टाक.

वनाझवैदेही

८, ४ आणि २ हेच आहेत बरेचसे. घरी गेल्यावर फोटो काढून टाकते. एक ४ तर (३,३) लाच आहे, केतकीताई.

कोथरूडची_केतकी

मग आधी मधल्या चौकटीतून (४,५) आणि (५,४) मधला ४ खोड, आणि तिथे चारला कुठली घरं उरली ते लिही. (५,५) ला तुझा ७ आहे, म्हणजे सहाच उरतील.

अर्धवटराव

(३,३) भोवती पण आठ घरंच आहेत ना? मग नऊचा गट झालाच की.

मितभाषी

पॉपकॉर्न आणतो.